आठवडे आणि तास

नर्सिंगच्या आणि फार्मसीच्या परीक्षांत एक प्रश्न दरवर्षी वेश बदलून येतो. रुग्ण ३५ वर्षांची बाई आहे, नैराश्यासाठी तिला फ्लुओक्सेटिन सुरू करून दहा दिवस झाले आहेत. ती म्हणते, "सिस्टर, मला काहीच फरक वाटत नाही, उलट मळमळ होते. गोळी बंद करू का?" खाली चार पर्याय असतात. डोस दुप्पट करा, औषध बदला, औषध बंद करा, किंवा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात असं समजावून सांगा. शेवटचा पर्याय बरोबर आहे हे बहुतेकांना पाठ असतं. मात्र ते का बरोबर आहे हे कळलं, तर नैराश्याच्या औषधांवरचे पुढचे अवघड प्रश्नही त्याच धाग्याने सुटत जातात. या औषधांत वेळेची दोन मापं चालतात: फायदा आठवड्यांनी मोजायचा आणि धोका तासांनी. परीक्षक विचारतात ते याच दोन मापांबद्दल.

आधी औषधांचे गट पाहू. १९५० च्या दशकात दोन गट जवळजवळ एकाच वेळी सापडले. न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू हॉस्पिटलात क्षयरोगाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं जात होतं, तेव्हा त्यांची मनःस्थिती कमालीची सुधारल्याचं दिसलं. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम या औषधामुळे बंद पडतं, म्हणून त्या गटाला एमएओ रोधक म्हणतात. फिनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन त्याच घरातली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा उपयोग दाखवून दिला. तिथून ट्रायसायक्लिक गट निघाला, आजही दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन त्यातलीच. मग अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि एसएसआरआय गट घरोघरी पोचला: सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन. व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रिनॅलिनवरही काम करतात. मिर्टाझापिन, बुप्रोपिऑन वेगळ्या वाटेने जातात.

आता त्या दहा दिवसांकडे वळू. मेंदूतली एक पेशी सेरोटोनिन सोडते, ते शेजारच्या पेशीला निरोप देतं आणि मग पहिली पेशी उरलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेते. एसएसआरआय ही ओढ अडवतात, आणि तीही पहिल्या गोळीनंतर काही तासांतच. मग बाईला पहिल्याच दिवशी बरं का वाटत नाही? कारण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवर तिचे स्वतःचे पहारेकरी ग्राहक असतात. बाहेर सेरोटोनिन वाढलेलं जाणवलं की ते पेशीला सांगतात, आता पुरे. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं की फ्लोट वर येऊन नळ बंद करतो, तसंच हे. औषधाने पाणी साठायला लागलं आणि फ्लोटने नळच आवळला, म्हणजे सुरुवातीला हाती फारसं काही येत नाही. दोन-तीन आठवडे पातळी सतत वर राहिली की हे पहारेकरी बोथट होतात आणि पेशी पुन्हा मोकळेपणाने सेरोटोनिन सोडू लागते. त्याच काळात पेशींमधले जोड बदलतात, नव्या वाढीला चालना देणारी प्रथिनं वाढतात. हे सगळं स्पष्टीकरण अजून पूर्ण नाही, पण उशीर खरा आहे आणि तो सगळ्या जुन्या-नव्या गटांत दिसतो. म्हणून सांगायचं असतं: थोडा फरक दोन ते चार आठवड्यांत, पुरता अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी.

मळमळ मात्र पहिल्या दिवसांतच येते, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि तिथे असा फ्लोट आड येत नाही. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात रुग्णाच्या वाट्याला त्रास येतो आणि फायदा येत नाही. गोळ्या सर्वांत जास्त सुटतात त्या इथेच. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायला हवी. झोप, भूक आणि अंगातली उमेद कधीकधी मन सावरण्याच्या आधी परततात. निराशा अजून तशीच आहे, पण हालचालीला बळ आलं आहे, असा हा नाजूक काळ असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दलचा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णाला एकटं पडू देऊ नये, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावं, आणि तसं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर कोणत्याही वेळी फोन उचलते.

दुसरं माप, तासांचं, समजण्यासाठी १९८४ च्या मार्च महिन्यातली एक रात्र पाहावी लागते. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची विद्यार्थिनी ताप आणि विचित्र झटके येतात म्हणून दाखल झाली. ती फिनेल्झिन घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन टोचलं गेलं. पेथिडिन हे वेदनाशामक, पण ते सेरोटोनिनची परत-ओढही अडवतं. फिनेल्झिनमुळे सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम बंद होतं, आणि आता दुसरी वाटही अडली. मुलगी अस्वस्थ होत गेली, तिला बांधून ठेवलं गेलं, ताप १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला आणि सकाळी तिचं हृदय थांबलं. कोर्टात मृत्यूच्या कारणावर पुष्कळ वाद झाला. आज वैद्यकातले जाणकार ही घटना सेरोटोनिन सिंड्रोमचं उदाहरण म्हणून शिकवतात. तिच्या वडिलांच्या लढ्यातून न्यूयॉर्क राज्यात १९८९ पासून निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली.

सेरोटोनिन सिंड्रोम ओळखायचा तो तीन ठिकाणी पाहून. मन: घाबरगुंडी, गोंधळ, बडबड. शरीराची स्वयंचलित यंत्रणा: घाम, जुलाब, धडधड, विस्फारलेल्या बाहुल्या, ताप. आणि स्नायू: थरथर, उसळणारे प्रतिक्षेप. यातली सर्वांत बोलकी खूण पायात सापडते. रुग्णाचं पाऊल झटक्याने वर दाबून धरलं की घोटा आपोआप वर-खाली वर-खाली हलत राहतो. याला क्लोनस म्हणतात. बहुतेक रुग्णांत हे सगळं नवं औषध दिल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २४ तासांच्या आत उमटतं, अनेकांत तर पहिल्या सहा तासांत. परीक्षेत याच्याशेजारी न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम ठेवून विद्यार्थ्याला चकवतात. तिथेही ताप आणि गोंधळ असतो, पण तो मनोविकारावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी, काही दिवसांत हळूहळू येतो. स्नायू शिशाच्या नळीसारखे ताठ होतात, प्रतिक्षेप मंदावतात आणि आतडी शांत असतात. सेरोटोनिनच्या अतिरेकात पोट गुरगुरत असतं.

उपचारात पहिलं काम म्हणजे कारण असलेली औषधं थांबवणं. मग बेन्झोडायझेपिनने स्नायू शांत करणं आणि अंग थंड करणं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही, कारण हा ताप मेंदूतल्या तापनियंत्रकाने चढवलेला नसतो, तो राबणाऱ्या स्नायूंच्या उष्णतेचा असतो. उतारा म्हणून सायप्रोहेप्टाडिन देतात. आपल्याकडे हेच औषध लहान मुलांची भूक वाढवण्याच्या सिरपमधून ओळखीचं आहे. ते सेरोटोनिनच्या ग्राहकांना झाकतं.

एमएओ रोधकांच्या जेवणातल्या पथ्याची गोष्ट याहून निराळी आहे, आणि विद्यार्थी या दोन्हींची सरमिसळ करतात. ती सेरोटोनिनची नसून रक्तदाबाची आहे. मुरवलेल्या, आंबवलेल्या, खारवलेल्या पदार्थांत टायरामिन साठतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं तेच एन्झाइम त्याचा वाटेतच निकाल लावतं. औषधाने ते बंद झालं की टायरामिन सरळ रक्तात येतं, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रिनॅलिन बाहेर ढकलतं आणि रक्तदाब उसळतो. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, मान आखडणं, धडधड, आणि वाईट वेळ असेल तर मेंदूत रक्तस्राव. लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला एका फार्मासिस्टचं पत्र आलं. त्यांची पत्नी ट्रॅनिलसायप्रोमिन घेत होती आणि चीज खाल्लं की तिचं डोकं प्रचंड दुखायचं. चीजचा आणि याचा काही संबंध असेल का, असं त्यांनी विचारलं होतं. ब्लॅकवेल यांनी असे रुग्ण गोळा करून १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि चीजचं कोडं सुटलं.

निरोगी माणसाला शेकडो मिलिग्रॅम टायरामिन पचतं. या औषधांवर असलेल्याला १० मिलिग्रॅमही भारी पडू शकतं. मुरवलेलं चीज, सलामी, यीस्टचा अर्क, सोया सॉस, पिंपातली बिअर, सुकवलेले किंवा मुरवलेले मासे हे टाळायचे. आपल्या मुलांचा इथे घोटाळा होतो तो ‘चीज’ शब्द दिसला की पनीरही बाद करण्याने. ताजं पनीर, ताजं दूध, ताजं मांस, ताजे मासे चालतात. पदार्थ किती काळ मुरला आहे, एवढंच पाहायचं.

हे पथ्य गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे पाळावं लागतं, आणि इथे आठवड्यांचं माप परत येतं. फिनेल्झिन एन्झाइमला कायमचं निकामी करतं, म्हणून औषध रक्तातून गेलं तरी शरीराला नवं एन्झाइम घडवावं लागतं. म्हणूनच एमएओ रोधक बंद करून एसएसआरआय सुरू करायचं तर मध्ये १४ दिवस सोडतात. उलट दिशेने, फ्लुओक्सेटिनवरून फिनेल्झिनकडे जायचं तर पाच आठवडे थांबतात. फ्लुओक्सेटिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते दीर्घकाळ टिकतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायला आठवडा लागतो असं धरलं, तर पाच आठवड्यांत ते बत्तिसाव्या भागावर येतं. परीक्षेत १४ दिवस आणि पाच आठवडे हे दोन्ही पर्याय एकत्र देतात. आधी कोणतं औषध थांबलं, हे वाचल्याशिवाय उत्तरावर खूण करू नये.

फिनेल्झिनसारख्या गोळ्या आज आपल्या वॉर्डांत फारशा दिसत नाहीत, तरी हा प्रश्न जुना झालेला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड दिलं जातं, आणि ते एमएओला सौम्यपणे अडवतं. एस्सिटालोप्राम घेणाऱ्या रुग्णाला ते सुरू झालं, त्यात गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप आलं, तर सेरोटोनिन वाढवणारी चार औषधं एका अंगात जमतात, आणि प्रत्येक वेगळ्या डॉक्टरने किंवा दुकानदाराने दिलेलं असू शकतं. लिनेझोलिडचा कोर्स थोड्या दिवसांचा आणि तातडीचा असेल तर एसएसआरआय थांबवून रुग्णावर लक्ष ठेवतात आणि शेवटच्या लिनेझोलिड डोसनंतर २४ तासांनी ते पुन्हा सुरू करतात. क्षयरोगात लिनेझोलिड महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा छातीच्या आणि मनाच्या डॉक्टरांनी एकत्र बसूनच ठरवावं लागतं. रुग्णाने स्वतःहून एकही गोळी सोडू नये. सगळ्या गोळ्या, सिरपच्या बाटलीसकट, एका पिशवीत घालून दोघांपुढे ठेवाव्यात.