वर्षाचे गहू-तांदूळ : किती घ्यावे आणि कोठी केवढी असावी?

मार्च ते मे या दिवसांत नवा गहू बाजारात येतो आणि वर्षाचे धान्य भरायची घाई सुरू होते. बहुतेक घरांत पोते आधी येते आणि ते ठेवायचे कशात, हा प्रश्न नंतर पडतो. मग उरलेले धान्य पोत्यातच भिंतीला टेकून राहते, पावसाळ्यात ओल धरते आणि किडते. म्हणून हिशोब आधी करावा.

पहिल्यांदा घरात महिन्याला किती धान्य लागते ते पाहावे. दोन महिने प्रत्येक दळणाचे वजन कॅलेंडरवर लिहून ठेवले की नेमका आकडा मिळतो. त्यातून रेशनवर मिळणारे धान्य वजा करावे. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्याला २० किलो गहू आणि १८ किलो तांदूळ लागतो. रेशनवर १० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ मिळतो. म्हणजे महिन्याला १० किलो गहू आणि ३ किलो तांदूळ कमी पडतो. वर्षाला १२० किलो गहू आणि ३६ किलो तांदूळ विकत घ्यावा लागेल. याहून जास्त भरले तर ते पुढच्या वर्षी जुने होऊन पडते.

आता भांड्याचे माप. डबे, ड्रम लिटरमध्ये मोजतात आणि धान्य किलोत. एक लिटरच्या भांड्यात गहू साधारण पाऊण किलो बसतो आणि तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम. म्हणून १२० किलो गव्हाला १६० लिटर जागा लागते आणि ३६ किलो तांदळाला ४५ लिटर. पत्र्याची गोल कोठी घेताना टेपने आतून मोजावी. ४० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच कोठीचा हिशोब असा : अर्धी रुंदी २०, म्हणून २० गुणिले २० गुणिले ३.१४ गुणिले ७०, आणि त्याला १००० ने भागायचे. उत्तर येते ८८ लिटर. वर तीन-चार बोटे जागा सोडली तरी तिच्यात ६० किलो गहू आरामात मावतो.

एक मोठी कोठी घेण्यापेक्षा अशा दोन घ्याव्यात. मोठी कोठी दर आठवड्याला उघडली की पावसाळी हवा सगळ्या धान्याला लागते. दोन असल्या तर एक वापरात राहते आणि दुसरी दिवाळीपर्यंत बंद राहते. तांदळालाही २५ लिटरचे दोन डबे पुरतात. भंगारातले निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी कोणते रसायन होते हे कळत नाही आणि ते धुऊन पूर्ण जात नाही. असा ड्रम धान्याला घेऊ नये.

भरण्याआधी गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावा. दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळला असे समजावे. रात्रभर थंड होऊ द्यावा आणि मगच भरावा, कारण गरम गहू झाकला की झाकणाला आतून पाणी सुटते. तांदूळ मात्र कडक उन्हात टाकू नये. त्याला चिरा पडतात आणि कणी होते. सावलीत पसरून वारा द्यावा. कोठी विटांवर फळी टाकून, मोरीपासून लांब आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी.

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी वापरातल्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. धान्य आत कोमट लागले, पांढरी भुकटी आली किंवा जाळी दिसली, तर कीड लागली आहे. थोडे सोंडे असतील तर धान्य चाळून, वाळवून वापरता येते. पण कुबट वास आला किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ते टाकून द्यावे. बुरशीचे विष धुऊन किंवा भाजून जात नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नयेत. कोणी सुट्या दिल्या तरी घेऊ नयेत. ओल लागताच त्यांतून विषारी वायू निघतो. एका खोलीच्या घरात, जिथे कोठीशेजारीच मुले झोपतात, तिथे तो रातोरात जीव घेऊ शकतो. या विषावर उतारा नाही. त्या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायच्या असतात. कोणी आधीच टाकल्या असतील आणि घरात उलटी, छातीत दडपण किंवा धाप असा त्रास सुरू झाला, तर दारे उघडून सगळ्यांना बाहेर काढावे, कोठीला हात लावू नये आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तिथे गोळ्यांचे नाव सांगावे.