बारा बिंदूंचा सापळा

आयरिश गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन याने १८५७ मध्ये एक खेळ काढला. वीस कोपऱ्यांची एक आकृती, कोपरे जोडणाऱ्या रेघा. रेघांवरूनच चालायचं, प्रत्येक कोपऱ्यावर एकदाच जायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. लंडनच्या एका कंपनीने खेळाचे हक्क २५ पौंडांना घेतले, पण खप यथातथाच झाला. वीस कोपऱ्यांत गंमत लवकर संपते. मात्र कोपरे हजार असतील आणि आकृती कशीही वेडीवाकडी असेल, तर अशी फेरी आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट सांगणारी सरसकट पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. प्रत्येक रेघ एकदाच ओलांडायची असती, तर काम सोपं होतं. आकृती अखंड आहे ना हे पाहायचं, कोणत्या कोपऱ्याला किती रेघा मिळतात ते मोजायचं आणि सगळीकडे समसंख्या आली की फेरी आहे म्हणायचं. रेघांऐवजी कोपरे म्हटलं, की हा हिशेब कोलमडतो.

‘सापडलेली नाही’ एवढ्यावर गणिती थांबत नाहीत. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये २१ प्रश्नांची एक यादी दिली. हे सगळे एनपी-कम्प्लीट आहेत, म्हणजे दोन गोष्टी खऱ्या आहेत. कुणी उत्तर हातात दिलं, तर ते बरोबर आहे का हे चटकन तपासता येतं. आणि यांतला एक प्रश्न झटपट सुटला, तर या जातीचे सगळेच सुटतात. हॅमिल्टनची फेरी त्या यादीत आहे. पहिली गोष्ट उघड आहे, कारण फेरी दाखवली की ती रेघांवरूनच जाते का आणि कोपरा सुटला का, एवढंच बघायचं. खरी मेहनत दुसऱ्या गोष्टीत आहे.

त्यासाठी एक प्रश्न उसना घ्यावा लागतो. गावात काही चौक आहेत आणि चौकांना जोडणारे रस्ते. चौकात उभा राहिलेला पहारेकरी तिथे मिळणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर नजर ठेवतो. ठरावीक संख्येच्या पहारेकऱ्यांत गावातला प्रत्येक रस्ता नजरेखाली येईल का? याला व्हर्टेक्स कव्हर म्हणतात आणि तो अवघड असल्याचं आधीच सिद्ध झालेलं आहे. आता पहाऱ्याचा कोणताही प्रश्न घेऊन त्यापासून अशी आकृती बांधायची, की पहारा जमत असेल तरच तिच्यात फेरी सापडावी. इथे विद्यार्थी हमखास उलट्या दिशेने जातात आणि फेरीचा प्रश्न पहाऱ्यात बदलायला बसतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही. अवघडपणा जुन्या प्रश्नाकडून नव्याकडे न्यायचा असतो.

गॅरी आणि जॉन्सन यांच्या १९७९ च्या पुस्तकात ही बांधणी फार सुबक दिली आहे. प्रत्येक रस्त्याच्या जागी बारा बिंदूंचा एक सापळा बसवायचा. याला गॅजेट म्हणतात. समजा रस्ता अ आणि ब या चौकांमधला आहे. अ१ ते अ६ असे सहा बिंदू एका ओळीत जोडा, ब१ ते ब६ दुसऱ्या ओळीत. मग चार तिरक्या रेघा: अ३ ते ब१, ब३ ते अ१, अ६ ते ब४ आणि ब६ ते अ४. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त चार टोकांचा, म्हणजे अ१, अ६, ब१ आणि ब६ यांचा.

आता अ१ मधून आत शिरा. अ२ ला दोनच रेघा आहेत आणि त्यालाही भेटायचंच आहे, म्हणून अ१, अ२, अ३ हा तुकडा सक्तीचा. अ३ वरून दोन वाटा फुटतात. ब१ कडे वळलात, तर ब२, ब३ आणि पुढे ब४ असंच जावं लागतं, कारण ब३ वरून अ१ कडे जाणारी वाट बंद झालेली असते. ब६ ला पोचल्यावर बाहेर पडायचा मोह होईल. पण तसं केलंत, तर अ४ कडे जाणारी एकच रेघ उरते आणि फेरीतल्या प्रत्येक बिंदूला एक यायची व एक जायची अशा दोन लागतात. तेव्हा अ४ वर जाऊन अ६ मधूनच बाहेर. बाराही बिंदू झाले. दुसरी वाट सरळ अ४ ची. अ६ ला पोचल्यावर ब४ कडे वळलात, तर ब३ तसाच एकाकी पडतो, म्हणून इथेही अ६ मधूनच बाहेर आणि ब च्या सहा बिंदूंसाठी फेरीला पुन्हा कधीतरी ब च्या बाजूने यावं लागतं. अ च्या दाराने आत गेलेला अ च्याच दाराने बाहेर येतो. माझ्या मते अख्ख्या सिद्धतेचा जीव या एका वाक्यात आहे.

बाकी जोडणी सोपी आहे. एका चौकाला मिळणाऱ्या सगळ्या रस्त्यांच्या सापळ्यांमधल्या त्या चौकाच्या ओळी एकामागे एक जोडून साखळी करायची. जितके पहारेकरी, तितके निवडबिंदू घ्यायचे आणि प्रत्येक निवडबिंदू प्रत्येक साखळीच्या दोन्ही टोकांना जोडायचा.

चार चौकांचं गाव घेऊन पाहू: अ, ब, क, ड एका ओळीत, मधे तीन रस्ते, पहारेकरी दोन. बिंदू होतात ३६ आणि २, म्हणजे ३८. पहारा ब आणि क वर ठेवला की काम भागतं. फेरी पहिल्या निवडबिंदूवरून निघून ब च्या साखळीत शिरते. अ-ब सापळ्यात अ कडून कुणी येणार नाही, म्हणून तिथले बाराही बिंदू घेते. ब-क मधले फक्त ब चे सहा घेऊन दुसऱ्या निवडबिंदूवर येते. तिथून क च्या साखळीत जाऊन ब-क मधले उरलेले सहा आणि क-ड मधले बारा घेते आणि पहिल्या निवडबिंदूवर परत. ३८ पूर्ण. आता पहारेकरी एकच ठेवा. बिंदू ३७, साखळी एकच चालता येते. ब ची धरली तर जास्तीत जास्त २५ बिंदू होऊन फेरी मिटते आणि क-ड मधल्या बारांना कुणी शिवतही नाही. तो रस्ता खरोखरच पहाऱ्याविना राहिलेला असतो.

उलट बाजूही अशीच. फेरी मिळाली असेल, तर ती निवडबिंदूंपाशी कापा. प्रत्येक तुकडा एकाच चौकाच्या साखळीतून गेलेला असणार, कारण सापळा बाजू बदलू देत नाही. त्या चौकांवर पहारेकरी उभे करा. प्रत्येक सापळ्यात निदान एका बाजूने कुणीतरी शिरलेलं आहे, म्हणून प्रत्येक रस्ता नजरेत आला.

आकृती फार फुगली असती, तर या सगळ्याला अर्थ नव्हता. पण १००० रस्ते आणि ५० पहारेकरी असतील, तर बिंदू १२,०५० होतात. संगणकाला ती बांधायला काहीच वेळ लागत नाही. म्हणून फेरी झटपट शोधणारी युक्ती कुणाला सापडली, तर पहाऱ्याचा प्रश्नही त्याच दमात सुटेल. अशी युक्ती अस्तित्वातच नाही, असं मात्र ही सिद्धता म्हणत नाही. प्रत्यक्षातली प्रत्येक आकृती अवघड असते, असंही नाही. कोपरे तीन किंवा जास्त असून प्रत्येक कोपरा निदान निम्म्या कोपऱ्यांना जोडलेला असेल, तर फेरी असतेच, हे डिरॅक यांनी १९५२ मध्ये दाखवलं होतं.

एकदा स्वतः करून बघायचं असेल, तर त्रिकोण घ्या: तीन चौक, तीन रस्ते, दोन पहारेकरी. बिंदू पुन्हा ३८ च होतात, आणि एका सापळ्यात फेरीला दोनदा शिरावं लागतं. तो कोणता, हे कागदावर काढल्याशिवाय सांगू नका.