'ने' कुठे गेला?

इंजिनिअरिंगनंतर भाषाविज्ञानात एम.ए. करू पाहणाऱ्यांच्या अर्जाची सुरुवात बहुधा 'मला लहानपणापासून भाषांची आवड आहे' अशी होते. हे वाक्य खोडावं. वाचणाऱ्या प्राध्यापकांना त्यातून काहीच कळत नाही. त्यांना विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न पाहायचा असतो.

समजा, कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनीने मराठी वाक्यातला कर्ता ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला. नियम साधा: भूतकाळी सकर्मक क्रियापद असेल, तर कर्त्याला 'ने' लागतो. 'त्याने पोळी खाल्ली' बरोबर सुटलं. 'मी पोळी खाल्ली'पाशी नियम अडला. 'मी', 'तू' यांना 'ने' लागत नाही, तरी क्रियापद पोळीप्रमाणेच चालतं. पुढे आलं 'ती चहा प्यायली'. इथेही कर्म आहे, पण 'ने' नाही आणि क्रियापद चहाला सोडून 'ती'मागे गेलेलं. 'शिकणे'ही तसंच: 'ती मराठी शिकली', 'तो मराठी शिकला'.

अपवादांची यादी घालून प्रोग्रॅम चालला. पण नेमकी हीच क्रियापदं वेगळी का, हे यादी सांगत नाही. वाट बदलण्याचं खरं कारण इथे आहे, आणि अर्जात सर्वाधिक जागा त्यालाच द्यावी. इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया गेली असं लिहू नये. प्रश्न त्यातूनच सापडला. ध्वनिविज्ञान शिकलेलं नसेल, तर तेही एका वाक्यात सांगावं.

आणि अर्ज धाडण्याआधी त्या विभागात वाक्यरचनेवर काम करणारं कोणी आहे का, ते जरूर पाहा.