लोगो आधी की फोडणी आधी?

काही यूट्यूब चॅनेलवर पाककृती सुरू होते ती सात सेकंदांच्या लोगोने आणि धूनने. काहींवर पहिल्याच क्षणी तेलात मोहरी तडतडते. या थेट सुरुवातीला ‘कोल्ड ओपन’ म्हणतात. यातलं आपल्या प्रेक्षकाला काय धरून ठेवतं, हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. यूट्यूबची तुलना-चाचणी थंबनेल आणि शीर्षकासाठी आहे. एकाच व्हिडिओच्या दोन सुरुवाती निम्म्या-निम्म्या प्रेक्षकांना दाखवता येत नाहीत. त्यामुळे वेगवेगळे व्हिडिओ ताडून बघावे लागतात. पण पुरणपोळी थेट सुरू केली आणि दुधीच्या भाजीला लोगो लावला, तर जिंकेल ती पुरणपोळीच.

म्हणून जोड्या लावाव्यात. थालीपीठ आणि धिरडं असे सारख्या मागणीचे, सारख्या लांबीचे दोन विषय घ्यावेत. दोन्ही व्हिडिओ पूर्ण तयार झाल्यावरच नाणं उडवावं आणि छाप येईल त्याला लोगो जोडावा. हे आधीच ठरलं, तर बिनलोगोच्या व्हिडिओचं पहिलं वाक्य नकळत जास्त चटकदार होतं आणि श्रेय मात्र थेट सुरुवातीला जातं. प्रकाशनाचा वार आणि वेळ एकच ठेवावी, थंबनेल मध्येच बदलू नये आणि दोघांचेही पहिल्या 7 दिवसांचेच आकडे धरावेत.

मोजायचं कुठे, हेही आधी ठरवायला हवं. यूट्यूब स्टुडिओ 30व्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले ते ठळकपणे दाखवतो. पण लोगोच्या व्हिडिओत तोवर पाककृतीचे 23 सेकंदच झालेले असतात. म्हणून थेट व्हिडिओचा आकडा 0:30 ला घेतला, तर लोगोच्या व्हिडिओचा 0:37 ला घ्यावा. आलेखही नीट पाहावा. लोगोपाशी रेष खाली जाऊन पुन्हा वर आली, तर बरेच जण निघून गेलेले नाहीत, फक्त लोगो ओलांडून पुढे गेलेत. रेष खालीच राहिली, तर ते गेले. एखादा व्हिडिओ शोधातून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांनीच जास्त पाहिला असेल, तर दोन्हींकडे एकाच मार्गाने आलेले प्रेक्षक ताडावेत.

आता निकाल. समजा, चार जोड्यांत थेट सुरुवात 6, 4 आणि 5 टक्क्यांनी पुढे राहिली आणि एकीत 2 टक्क्यांनी मागे पडली. एवढ्यावर लोगो काढून टाकावासा वाटेल. पण सुरुवातीने काहीच फरक पडत नसता, तरी चारपैकी तीन किंवा जास्त जोड्या तिच्या बाजूने पडण्याची शक्यता 16 मध्ये 5 आहे. सहापैकी सहाही जोड्या नुसत्या योगायोगाने तिच्याकडे झुकण्याची शक्यता मात्र 64 मध्ये 1. म्हणजे आठवड्याला एक व्हिडिओ टाकणाऱ्याने तीन महिने धीर धरायला हवा, आणि किती जोड्यांवर थांबायचं ते पहिल्या नाणेफेकीआधीच लिहून ठेवायला हवं. मनासारखा आकडा दिसताच चाचणी थांबवली, तर आधीची सगळी काळजी फुकट जाते.