भांडवल घटवा, तोटा मिटवा : जमाखर्च कसा लिहावा?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग करणारी एखादी छोटी खाजगी कंपनी डोळ्यांसमोर आणा. काही वर्षे तोटा झाला, आता कामे मिळत आहेत. पण जुना तोटा भरून निघेपर्यंत कायद्याने लाभांश देता येत नाही. म्हणून नवा भागीदारही पैसे घालायला कचरतो. अशा वेळी अंतर्गत पुनर्रचनेत भागभांडवल कमी करून तोटा पुसता येतो.

समजा, कंपनीचे शंभर रुपयांचे, पूर्ण पैसे भरलेले १०,००० शेअर्स आहेत, म्हणजे भांडवल १० लाख. कर्ज व देणी ३ लाख. समोर यंत्रे, माल व येणी मिळून खरी मालमत्ता फक्त ७,५०,००० रुपयांची. उरलेल्या साडेपाच लाखांत संचित तोटा ४,५०,०००, प्राथमिक खर्च ३०,००० आणि आता किंमत न उरलेली ख्याती ७०,०००. प्राथमिक खर्च विकून एक पैसाही येत नाही, म्हणून ती काल्पनिक मालमत्ता. आजच्या लेखामानकांनुसार तो झाला त्याच वर्षी खर्ची टाकतात, जुन्या वह्यांत मात्र तो राहून गेलेला सापडतो.

शेअर शंभराऐवजी चाळीस रुपयांचा करायचे ठरले, तर पहिली नोंद अशी :

भागभांडवल (रु. १००) खाते नावे १०,००,०००
भागभांडवल (रु. ४०) खाती जमा ४,००,०००
भांडवल कपात खाती जमा ६,००,०००

दुसरी नोंद :

भांडवल कपात खाते नावे ६,००,०००
नफातोटा खाती जमा ४,५०,०००
प्राथमिक खर्च खाती जमा ३०,०००
ख्याती खाती जमा ७०,०००
भांडवली राखीव खाती जमा ५०,०००

तोटा नावे बाजूला उभा असतो, म्हणून तो जमा करून मिटतो. इथे बरेच जण उलटी नोंद करतात. मग तोटा दुप्पट होतो आणि कपात खाते मिटत नाही. शेवटी कपात खात्यात शून्य उरले पाहिजे. उरलेले पन्नास हजार नफा नव्हे, त्यातून लाभांश वाटू नये. नवा ताळेबंद : भांडवल ४,००,०००, राखीव ५०,००० व देणी ३,००,०००, एकूण साडेसात लाख, खऱ्या मालमत्तेइतकेच.

यात रोख एक रुपयाही हललेला नाही, देणेकऱ्याचे देणेही कायम आहे. तरीही परवानगीशिवाय हे करता येत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मते, आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. न्यायाधिकरण देणेकऱ्यांना नोटीस देते व हरकतीसाठी तीन महिने मिळतात. लोकांच्या ठेवी किंवा त्यांवरचे व्याज थकले असेल तर कपात होत नाही. आदेश निबंधकाकडे नोंदल्यावरच वरच्या नोंदी वहीत कराव्यात.

एकट्याच्या दुकानाला किंवा भागीदारी पेढीला हा खटाटोप नाही. तेथे तोटा मालकांच्या भांडवल खात्यांतूनच वजा होतो.