लग्नाच्या जेवणाचे कोटेशन कसे तपासावे

लग्नाच्या जेवणाचे कोटेशन केटरर पानाच्या हिशेबाने देतो: 400 पाने, दर पानाला 350 रुपये, एकूण 1,40,000. मात्र त्या दरात ताटात नेमके किती पडणार, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कोणता जिन्नस किती किलो लागणार याची यादी मागून घ्यावी आणि प्रत्येक आकड्याला पानांच्या संख्येने भागावे.

उदाहरणार्थ, या 350 रुपयांच्या यादीत श्रीखंड 60 किलो, पुऱ्यांची कणीक 40 किलो आणि तांदूळ 60 किलो आहे. श्रीखंड पानाला 150 ग्रॅम पडते, म्हणजे आग्रहाने दुसऱ्यांदा वाढता येईल. कणीक 100 ग्रॅम, म्हणजे चार-पाच पुऱ्या. तांदूळ मात्र 150 ग्रॅम पडतो आणि त्याचा शिजून 400 ग्रॅमच्या आसपास भात होतो. श्रीखंड-पुरीबरोबर एवढा भात कोणी खात नाही. मसालेभात आणि वरणभात या दोन्हींसाठी पोटभर तांदूळ धरला की असे होते. दोन्ही मिळून 100 ग्रॅम पुरतो, म्हणजे 40 किलोत काम भागते.

दुसऱ्या केटररचा दर 330 आहे, पण त्याच्या यादीत श्रीखंड 30 किलोच आहे. पानाला 75 ग्रॅम, एकदाच वाढण्यापुरते. श्रीखंड 300 रुपये किलो धरले, तर कमी केलेल्या 30 किलोंचे 9,000 रुपये होतात, म्हणजे पानामागे साडेबावीस. दर वीस रुपयांनी उतरला, पण ताटातून त्याहून अधिक गेले.

पाने दुप्पट झाली म्हणून सगळेच दुप्पट होत नाही. तांदूळ, डाळ, कणीक, गोड पदार्थ माणसांच्या प्रमाणात वाढतात. तळणीला कढईभर तेल मात्र 200 पानांनाही लागतेच. टेम्पोभाडे आणि आचाऱ्याची मजुरीही पानागणिक वाढत नाही. त्यामुळे पदार्थ तेच ठेवून पाने बरीच वाढली, तर दर थोडा उतरायला हवा.

सर्वांत मोठा फरक हमीच्या पानांमुळे पडतो. 400 पानांची हमी दिली आणि 340 जण जेवले, तरी 1,40,000 द्यावेच लागतात. प्रत्यक्षात पान सुमारे 412 रुपयांना पडते. म्हणून हमी खात्रीच्या पाहुण्यांपुरतीच, समजा 350 पानांची द्यावी. त्यावरची पाने मोजून त्याच दराने घेण्याचे ठरवावे. लहान मुलांचे पान अर्धे धरायचे की पूर्ण, आणि जीएसटी दरात आहे की वेगळा, हेही विचारावे. हे सारे कोटेशनवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.