रील करणारी ताई निवडताना आधी कमेंट वाचा

मैत्रिणींनो, गटाचा माल इन्स्टाग्रामवर दाखवायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "तिचे फॉलोअर्स किती?" पण फॉलोअर्स विकतही मिळतात, आणि खरे असले तरी ते आपलं गिऱ्हाईक असतीलच असं नाही. म्हणून पैसे ठरवायच्या आधी एवढं करून बघा.

समजा, तुमचा गट काळा मसाला करतो आणि पुणे-नाशिकला कुरिअरने पाठवतो. एका ताईचे 80 हजार फॉलोअर्स आहेत, ती नाच आणि विनोदाच्या रील करते. दुसरीचे 6 हजार आहेत, ती चुलीवरच्या भाज्या दाखवते. दोघींच्या शेवटच्या दहा रील उघडा. प्रत्येक रीलच्या पाच, अशा पन्नास कमेंट वाचा आणि वहीत तीन रकाने करा: नुसती चित्रं किंवा "नाईस", साधं कौतुक, आणि विचारणा.

पहिलीकडे समजा 38, 10 आणि 2 निघाल्या. दुसरीकडे 12, 20 आणि 18. त्या अठरा जणी विचारतात, "ताई, मसाला घरचा का?", "भाजणीत खोबरं किती?", "विकत मिळेल का?" आपलं गिऱ्हाईक असंच बोलतं. ताई त्यांना उत्तर देते का, तेही बघा. प्रत्येक रीलखाली तीच दहा-बारा नावं "मस्त" लिहीत असतील तर सावध व्हा. एकमेकींच्या रीलवर ठरवून कमेंट टाकणारे ग्रुप असतात.

आता बघणारे कुठले आहेत ते बघा. प्रोफेशनल खातं असेल तर फॉलोअर्सची मुख्य शहरं, वय, स्त्री-पुरुष प्रमाण तिच्या मोबाईलमध्ये दिसतं. ते फक्त तिलाच दिसतं, म्हणून समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवायला सांगा. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करता येतो. आपलं कुरिअर जिथे परवडतं ती शहरं त्यात नसतील, तर चांगल्या कमेंटचाही उपयोग थोडाच.

मग हिशेब मांडा. ती रीलचे 3,000 रुपये मागते आणि पाकिटामागे आपल्याला 40 रुपये सुटतात, तर 75 पाकिटं खपल्यावर फक्त खर्च निघेल. तेवढा माल तयार आहे का, हेही आधी बघा.

कमेंटवरून अंदाज येतो, विक्रीची खात्री नाही. म्हणून आधी एकच रील करा. रीलमध्ये एक शब्द द्या, जसं "चूल". ऑर्डर देताना तो सांगणाऱ्याला दहा रुपये सूट. मात्र मग पाकिटामागे 30 च सुटतील आणि खर्च निघायला 100 पाकिटं लागतील. ऑर्डरच्या वहीत त्या शब्दापुढे खूण करा. महिन्याने खुणा मोजा आणि दुसरी रील करायची की नाही, ते गटाच्या बैठकीत ठरवा.

पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर रीलवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहायला सांगायला विसरू नका.